विषय सोडण्याआधीची सही

मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून इंजिनीअर झालेल्या मुलांना विषय राहणं काही नवीन नसतं. केटी लागते, तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, फॉर्म भरून पुन्हा परीक्षा द्यायची आणि विषय काढायचा. अमेरिकेत मास्टर्सला जाताना हाच हिशेब मनात असतो. तिथे मात्र नुसती फेरपरीक्षा देऊन विषय सुटत नाही. सबंध कोर्सला पुन्हा नाव नोंदवायचं, त्याची फी पुन्हा भरायची, वर्गात पुन्हा बसायचं. हे पहिल्या सेमिस्टरच्या मध्यावर, पहिली मोठी परीक्षा वाईट गेल्यावर कळतं आणि मुलं घाबरतात. त्या घाबरण्यात दोन समजुती पक्क्या होतात. नापास झालो तर व्हिसा जाईल, ही एक. नापास होण्यापेक्षा विषय सोडलेला बरा, ही दुसरी. पहिली समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. दुसरीवर न विचारता वागलं, तर मात्र अमेरिकेतलं राहणं खरोखर धोक्यात येतं.

कारण साधं आहे. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सेमिस्टरला पूर्ण अभ्यासक्रम घेतला पाहिजे, अशी सरकारची अट आहे. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी म्हणजे किमान १२ क्रेडिट. मास्टर्ससाठी तो आकडा विद्यापीठ ठरवतं आणि पुष्कळ ठिकाणी तो ९ असतो, म्हणजे साधारण तीन विषय. विद्यार्थी ९ क्रेडिटला नाव नोंदवून, वर्गात बसून, परीक्षा देऊन त्यातल्या एका विषयात नापास झाला, तरी त्याने ९ क्रेडिटचा अभ्यास केलेलाच असतो. गुणपत्रिकेवर एफ येतो, अट मोडत नाही. पण तोच विषय मध्येच सोडला, तर त्याच्यापुढे डब्ल्यू लागतो. डब्ल्यू सरासरीत धरत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात त्याच क्षणी विद्यार्थ्याची ६ क्रेडिट उरतात आणि अट मोडते. (वर्गात जाणंच बंद करून मिळवलेला एफ मात्र वेगळा. तिथे विद्यार्थी शिकत होता का, असाच प्रश्न उभा राहतो.)

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकची एक मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून डेटा सायन्सच्या मास्टर्सला गेली. ऑगस्टमध्ये तिने तीन विषय घेतले. त्यातला मशीन लर्निंगचा वर्ग वरच्या पातळीचा होता. त्यासाठी लागणारी संभाव्यता आणि रेषीय बीजगणित यांची तयारी तिच्या पदवीत झालेली नव्हती. ऑक्टोबरमधल्या परीक्षेत तिला १००पैकी ३१ गुण मिळाले. विभागातल्या शैक्षणिक सल्लागाराने आपुलकीने सांगितलं, "हा विषय सोड, उरलेल्या दोनांकडे लक्ष दे." सल्ला अभ्यासाच्या दृष्टीने बरोबरच होता. रात्री तिने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं. तिथे विषयासमोर सोडण्याचं बटण होतं. ते दाबताना तिला कोणी अडवलं नाही, कारण ती यंत्रणा अमेरिकन आणि परदेशी अशा सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी एक आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. विषय सोडायला सांगणारा सल्लागार एका कचेरीत बसतो आणि व्हिसाची नोंद ठेवणारा अधिकारी दुसऱ्या. त्या अधिकाऱ्याला डीएसओ म्हणतात आणि तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात भेटतो. विद्यार्थ्याच्या आय-२० या कागदावर त्याचीच सही असते. विद्यार्थ्याची क्रेडिट कमी झाली की सरकारच्या सेविस या संगणकीय नोंदवहीत ते त्यालाच कळवावं लागतं. सल्लागाराने होकार दिला म्हणजे डीएसओची परवानगी मिळाली असं होत नाही. आणि नियमात परवानगी ही विषय सोडण्याच्या आधी घ्यायची आहे.

ती परवानगी मागितली असती, तर या मुलीला ती मिळण्याची चांगली शक्यता होती. कमी क्रेडिट घेण्याची मुभा नियमातच आहे. इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या वर्गात जाऊन पडणं, ही अभ्यासाची कारणं नियमाला मान्य आहेत. मेकॅनिकलच्या मुलीला वरच्या पातळीचा मशीन लर्निंगचा वर्ग जड जाणं यातल्या शेवटच्या कारणात बसतं. सल्लागार तसं एका अर्जावर लिहून देतो, डीएसओ ते तपासतो, सेविसमध्ये नोंद करतो आणि नवा आय-२० देतो. तो हातात आल्यावर विषय सोडायचा. या मुभेला मर्यादाही आहेत. किमान ६ क्रेडिट चालू ठेवावी लागतात, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण क्रेडिट घ्यावी लागतात (उन्हाळ्याची सुटी यात धरत नाहीत), आणि अभ्यासाच्या कारणासाठी ही सवलत एका पदवीत एकदाच मिळते. "मार्क कमी पडतील" एवढं कारण पुरत नाही.

आजारपणाची मुभा वेगळी आणि जास्त मोकळी आहे. परवानाधारक डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनी लेखी शिफारस केली, तर क्रेडिट शून्यावरसुद्धा आणता येतात आणि एका पदवीत एकूण १२ महिन्यांपर्यंत असं करता येतं. नैराश्य, झोप न लागणं, घबराट हे आजार यातच येतात. आपली मुलं त्यांना आळस समजून लपवतात आणि अभ्यासाचं कारण पुढे करतात, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

परवानगी मिळते म्हणून विषय सोडावाच का? याचं उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. मास्टर्सला साधारणपणे ४पैकी ३.० सरासरी राखावी लागते, म्हणजे सगळीकडे बी. समजा, आपल्या मुलीला उरलेल्या दोन विषयांत बी मिळाला. तिसऱ्यात एफ आला, तर सरासरी होते २.०. ती पुन्हा ३.०वर आणायला पुढच्या तिन्ही विषयांत ए मिळवावा लागेल. तिसऱ्यात कसाबसा सी आला, तर सरासरी २.६७ होते आणि पुढच्या सेमिस्टरला एक ए आणि दोन बी पुरतात. परवानगीने विषय सोडला, तर सरासरी ३.०च राहते. म्हणून सोडण्याआधी प्राध्यापकाला एकच प्रश्न विचारावा: उरलेल्या गुणांत मला सी मिळवणं शक्य आहे का? अंतिम परीक्षा आणि प्रोजेक्टचा वाटा मोठा असेल, तर ऑक्टोबरातले ३१ गुण म्हणजे शेवट नव्हे. काही विभाग सी पदवीसाठी धरत नाहीत, तेवढं मात्र आधी पाहून घ्यावं.

सरासरी ३.०च्या खाली गेली की विद्यापीठ प्रोबेशनवर ठेवतं, म्हणजे सुधारायला मुदत देतं. ही विद्यापीठाची कारवाई आहे, तिने व्हिसा जात नाही. असिस्टंटशिप असेल तर ती जाऊ शकते. मुदतीत सुधारणा झाली नाही आणि विद्यापीठाने काढून टाकलं, तर मात्र सेविसची नोंद बंद होते आणि देशात राहण्याचा आधारच संपतो. आणखी एक अडचण बरीच उशिरा उघड होते. आय-२० वर अभ्यासक्रम संपण्याची तारीख छापलेली असते. ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी संशोधनात आलेली अनपेक्षित अडचण, विषय बदलणं, आजारपण अशी कारणं लागतात. प्रोबेशनमुळे किंवा निलंबनामुळे झालेला उशीर हे कारण चालणार नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. ३० क्रेडिटची पदवी आणि चार सेमिस्टरचा आय-२० असेल, तर एक विषय राहिल्याने गणित बिघडत नाही. ६, ९, ९ आणि शेवटी ६ असं ते बसतं, कारण शेवटच्या सेमिस्टरला पदवीपुरतीच क्रेडिट उरली असतील, तर डीएसओच्या परवानगीने कमी घेता येतात. दुसरा विषय राहिला, तर मात्र ही मोकळीक जवळजवळ संपते.

मग मदत कुठे मागायची? सगळ्यात जवळची जागा म्हणजे प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ते विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतात, आणि आपल्याकडची मुलं तिथे जायला संकोचतात. सरांचा वेळ कसा घ्यायचा, आपलं अज्ञान उघडं कसं पाडायचं, असं त्यांना वाटतं. न सुटलेली उदाहरणं सोबत घेऊन जावं आणि कुठल्या ओळीपाशी अडलं ते दाखवावं. "काहीच समजत नाही" असं म्हटल्यावर प्राध्यापकालाही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. टीचिंग असिस्टंटही असेच ठरलेल्या वेळी भेटतात आणि गृहपाठ तेच तपासत असल्यामुळे गुण कुठे जातात ते नेमकं सांगू शकतात. निबंध, अहवाल यांत गुण जात असतील, तर रायटिंग सेंटरमध्ये वेळ घ्यावी. तिथे कोणी लिहून देत नाही, पण मांडणी आणि संदर्भ देण्याची पद्धत शिकवतात. दुसऱ्याचा कोड किंवा मजकूर उचलल्याचा ठपका टाळायला ही पद्धत ठाऊक असणं फार उपयोगी पडतं. समुपदेशन केंद्र बहुतेक विद्यापीठांत असतं. आजारपणाच्या पत्राची वाट पुष्कळदा तिथूनच सुरू होते.

या सगळ्यांकडे पहिल्या वाईट गृहपाठानंतर, म्हणजे सप्टेंबरात जायचं असतं. विषय सोडण्याची शेवटची तारीख सेमिस्टर सुरू होण्याआधीच विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

आणि बटण आधीच दाबून झालं असेल तर? त्याच दिवशी डीएसओकडे जावं. कधी विद्यापीठ त्या वर्गात पुन्हा घेतं. कधी सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारा एखादा छोटा कोर्स घेऊन क्रेडिट भरून काढता येतात. मात्र एका सेमिस्टरमध्ये ऑनलाइन कोर्सची ३ क्रेडिटच पूर्ण अभ्यासक्रमात धरली जातात, म्हणून तो कोर्स शक्यतो वर्गात बसून करण्याचा असावा. हे काहीच जमलं नाही आणि सेविसची नोंद बंद झाली, तर देश सोडायला सवलतीचे दिवस मिळत नाहीत. परवानगी घेऊन शिक्षण थांबवलं असतं, तर १५ दिवस मिळाले असते.

तरीही एक दार उघडं राहतं. आय-५३९ हा अर्ज भरून इमिग्रेशन खात्याकडे स्टेटस परत मागता येतं. तो अट मोडल्यापासून ५ महिन्यांच्या आत करावा लागतो. सल्लागाराचं पत्र, गुणपत्रिका, डीएसओची शिफारस असं सगळं त्याला जोडायचं. जी क्रेडिट कमी झाली ती कमी करण्याची परवानगी डीएसओ देऊ शकला असता आणि स्टेटस परत न मिळाल्यास मोठं नुकसान होईल, हे दाखवता आलं तर अर्जाला बळ येतं. आपल्या नाशिकच्या मुलीची बाजू इथे भक्कम आहे. पण मधल्या काळात तिने कुठे दुकानात किंवा हॉटेलात रोखीवर काम केलं असेल, तर ती बाजू उरत नाही, कारण परवानगीशिवाय केलेली नोकरी या अर्जाच्या आड येते. अर्ज पडून असतानाही काम करता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे नव्या सेविस क्रमांकाचा आय-२० घेऊन, ३५० डॉलरची सेविस फी पुन्हा भरून, देशाबाहेर जाऊन परत येणं. त्यात निकालाची लांब वाट पाहावी लागत नाही. मात्र शिकत असतानाच्या इंटर्नशिपसाठी आणि पदवीनंतरच्या नोकरीच्या परवान्यासाठी जे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागतं, ते पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं जातं.