चेक परत आला, आता पुढे?

चेक बँकेत भरला की त्याची प्रतिमा देणाऱ्याच्या बँकेकडे जाते. तिथे शिल्लक, सही आणि तारीख पाहिली जाते. सांगलीच्या एका दुकानदाराला ग्राहकाने ८०,००० रुपयांचा चेक दिला आणि ग्राहकाच्या खात्यात ७२,००० रुपयेच निघाले असे धरू. बँक असलेले ७२,००० देऊन मोकळी होत नाही, अख्खा चेक परत करते. सोबत कारण लिहिलेला रिटर्न मेमो येतो. हा कागद जपून ठेवावा लागतो, कारण पुढची सारी कारवाई त्यावरच उभी राहते.

यानंतर दोघांच्याही खात्यातून शुल्क कापले जाते. शिल्लक नसताना चेक देणाऱ्याला सहसा जास्त भुर्दंड पडतो. पण चूक नसतानाही चेक भरणाऱ्याकडून त्याची बँक शुल्क घेते, हे अनेकांना खात्याचा उतारा पाहिल्यावरच कळते. दर प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५०० रुपये शुल्क असेल, तर ५९० रुपये जातात. ग्राहकाचा दोष नसलेल्या तांत्रिक कारणाने चेक परत आला असेल, तर हे शुल्क परत मागावे.

पैसे येणार असा भरवसा असेल, तर चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा भरता येतो. मात्र आधी देणाऱ्याला फोन करून खात्यात पैसे आहेत याची खात्री करून घ्यावी, नाहीतर शुल्क पुन्हा लागते.

ते जमले नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आहे. इथे तारखा चुकवून चालत नाही. दुकानदाराला १२ जूनला मेमो मिळाला असेल, तर ३० दिवसांच्या आत चेकची रक्कम मागणारी लेखी नोटीस पाठवायला हवी. ती पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी. ग्राहकाला ती २० जूनला मिळाली, तर पैसे देण्यासाठी त्याच्याकडे १५ दिवस, म्हणजे ५ जुलैपर्यंत मुदत असते. तोवर पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात न्यायालयात तक्रार करावी लागते. उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण न्यायालयाला पटवावे लागते. खटला दुकानदाराचे खाते असलेल्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात चालतो, त्यामुळे ग्राहकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चेक देणाऱ्याने नोटीस घेण्याचे टाळू नये. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली, तरी ती मिळाली असेच सहसा मानले जाते. १५ दिवसांत पूर्ण रक्कम भरली, तर या कलमाखाली गुन्हा होतच नाही. पैसे रोख देऊ नयेत, बँकेमार्फत पाठवावेत, लेखी पावती घ्यावी आणि मूळ चेक मागून घ्यावा. चेक सहीतील फरकामुळे परत आला असेल, तर नवा चेक देऊन किंवा थेट खात्यात रक्कम पाठवून त्याच दिवशी विषय मिटवता येतो.