जोखीम-नोंद आणि नेमके शब्द
‘पावसाने हस्तलिखितांची हानी संभवते,’ ही नोंद जोखीम-नोंदवहीत निरुपयोगी ठरते. कोणी, काय व केव्हा करावयाचे, हे तीवरून कळत नाही. तीच नोंद, उदाहरणार्थ, अशी करता येईल : ‘पन्हळ तुंबल्यास छत गळून हस्तलिखिते भिजतील. संभाव्यता ५ पैकी ३ : गेल्या ५ पावसाळ्यांत ३ वेळा छत गळले. परिणाम ५ पैकी ५ : दुसरी प्रत नाही. उत्तरदायी : ग्रंथपाल. उपाय : ३१ मेपूर्वी पन्हळ साफ करणे व हस्तलिखितांच्या छायाप्रती काढणे.’ पन्हळ साफ केल्याने संभाव्यता घटते, छायाप्रतींमुळे परिणाम सौम्य होतो. म्हणून उपायानंतर दोन्ही अंक स्वतंत्रपणे पुन्हा ठरवावेत. केवळ १५ हा त्यांचा गुणाकार नोंदविल्यास कोणत्या उपायाने काय साधले, हे उमगत नाही.