बोगद्याला वळसा घालणारे पत्ते

संगणकातून निघणारी सारी माहिती सांकेतिक रूपात गुंडाळून दूरच्या एका सर्व्हरपर्यंत नेणारा आणि तिथून पुढे इंटरनेटवर सोडणारा बोगदा, अशी व्हीपीएनची ओळख करून दिली जाते. या वर्णनातील ‘सारी’ हा शब्द मात्र पुष्कळदा खोटा ठरतो. बोगदा कुठेही फुटलेला नसतो, सांकेतिक लिपी कोणी उलगडलेली नसते, आणि तरीही माहितीचा एक प्रवाह उघड्यावरून वाहत असतो, कारण तो बोगद्याच्या तोंडाशी कधी आलेलाच नसतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी इंटरनेटच्या दोन पत्तापद्धती आधी पाहाव्या लागतात. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही ४ चा, पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातील त्यांचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. १९९८ मध्ये आराखडा ठरलेल्या आयपीव्ही ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या सेवेने आरंभापासूनच ही नवी पद्धत वापरली, आणि आज तिचा वापर सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना होते. प्रस्तुत प्रश्न त्यामुळे इथल्या घराघरांतला आहे.

या दोन पद्धती एकमेकींची भाषा जाणत नाहीत. दोन्ही चालवणाऱ्या संगणकात प्रत्येकीचा वेगळा रूटिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याकडे जाणारे पॅकेट कोणत्या दाराने बाहेर काढायचे हे सांगणारा तक्ता असतो. व्हीपीएन सुरू झाले की ते संगणकाला एक आभासी दार जोडते आणि तक्त्यात ‘सगळे या दाराने’ अशी नोंद करते. ही नोंद फक्त जुन्या पद्धतीच्या तक्त्यात झाली, तर नव्या पद्धतीचा तक्ता जसाच्या तसा राहतो आणि त्यातील मुख्य मार्ग घरच्या राउटरकडेच बोट दाखवत राहतो. तो मार्ग कोणी हाताने लिहिलेलाही नसतो. राउटर ठरावीक वेळाने नेटवर्कवर दवंडी पिटावी तशी स्वतःची माहिती जाहीर करतो आणि ती ऐकून संगणक आपला पत्ता व मार्ग स्वतःच ठरवतो. भर म्हणजे दोन्ही पद्धतींनी पोहोचता येणारे संकेतस्थळ असेल, तर ब्राउझर प्रथम नव्या पद्धतीचा प्रयत्न करतो आणि क्षणभर वाट पाहूनच जुनीकडे वळतो. गळतीची वाट ही अशी पहिल्या पसंतीची वाट असते.

फर्नांडो गाँट यांनी लिहिलेल्या आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात हा दोष मांडला आहे. त्यातील एक निरीक्षण अधिक बोचरे आहे: ज्या नेटवर्कवर नवी पद्धत मुळीच नाही, तिथेही शेजारी बसलेला एखादा उपद्रवी खोटी दवंडी पिटून संगणकाला नवा पत्ता मिळवून देऊ शकतो आणि त्याची वाहतूक बोगद्याबाहेर, स्वतःकडे वळवू शकतो.

गळलेला पत्ता जुना नसून नवा आहे, यानेही फरक पडतो. जुन्या पद्धतीत पत्त्यांच्या टंचाईमुळे सेवादाते एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवतात, त्यामुळे बाहेरच्याला गर्दी दिसते. नव्या पद्धतीत मात्र पत्त्याचा पहिला अर्धा भाग साधारणपणे एकाच घराला दिलेला असतो. उरलेला अर्धा भाग संगणक अधूनमधून बदलतो, पण घराची खूण त्याने पुसली जात नाही.

आता एक नमुना बारकाईने पाहू. घरच्या वायफायवर लिनक्स चालवणारा एक लॅपटॉप आहे, त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएन आहे आणि त्याच्या मांडणीत बोगद्यातून जाण्याजोगे पत्ते म्हणून केवळ `0.0.0.0/0`, म्हणजे जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते, लिहिले आहेत. पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाकडे फक्त जुना पत्ता असेल, तर तिथे व्हीपीएन सर्व्हरचाच पत्ता दिसतो आणि वापरणारा निर्धास्त होतो. खरी स्थिती तक्त्यालाच विचारावी लागते:

```
ip route get 1.1.1.1
ip -6 route get 2606:4700:4700::1111
```

पहिल्या उत्तरात `dev wg0`, म्हणजे बोगद्याचे दार, दिसते. दुसऱ्यात `dev wlan0`, म्हणजे थेट वायफाय. दोष एवढाच आहे, आणि उपायही त्याच ओळीपाशी आहे:

```
[Interface]
Address = 10.8.0.2/32, fd4b:91c2:7e05::2/128
[Peer]
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

`::/0` म्हणजे नव्या पद्धतीचे सगळे पत्ते, आणि `fd` ने सुरू होणारा पत्ता हा खाजगी वापरासाठी राखलेल्या गटातला. ही पॅकेट पुढे पोहोचावीत यासाठी सर्व्हरवरही त्या पत्त्याची नोंद, पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी आणि खाजगी पत्त्याचे सार्वजनिक पत्त्यात रूपांतर करणारा नियम लागतो. इथे नेहमी ठेच लागते, कारण लिनक्सवर ती परवानगी देताच सर्व्हर राउटरच्या दवंड्या ऐकणे सोडून देतो आणि काही वेळाने त्याचा स्वतःचाच मार्ग नाहीसा होतो. ज्या सर्व्हरला मार्ग दवंडीतून मिळतो त्यावर `accept_ra` ची किंमत 2 ठेवावी लागते. सगळे जुळूनही ब्राउझर जुनी पद्धतच निवडताना दिसला तर बिघाड समजू नये; पत्ता निवडण्याच्या नियमांत खाजगी गटाची खूण सार्वजनिक आयपीव्ही ६ पत्त्याच्या खुणेशी जुळत नाही, त्यामुळे आयपीव्ही ४ ला पसंती मिळते.

सर्व्हरकडे नवी पद्धत नसेल, तर ती बोगद्याबाहेर अडवणे एवढाच मार्ग उरतो. संगणकावर आयपीव्ही ६ समूळ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो आडमुठा आहे: मायक्रोसॉफ्ट विंडोजसाठी तसे न करण्यास सांगते, आणि काही मोबाइल नेटवर्कवर जुन्या पत्त्यांची वाहतूकही मुळात नव्या पद्धतीवर स्वार होऊन जात असल्यामुळे ती बंद केल्यास बोगदाच उभा राहत नाही. फायरवॉलमधील एक नियम अधिक नेमका ठरतो:

```
table ip6 pahara {
  chain out {
    type filter hook output priority 0;
    oifname "wlan0" ip6 daddr 2000::/3 reject
  }
}
```

`2000::/3` हा सध्या सार्वजनिक इंटरनेटवर वापरात असलेला गट आहे. नियमात `drop` ऐवजी `reject` आहे ते हेतुपुरस्सर; पॅकेट गुपचूप टाकून दिले तर प्रोग्राम उत्तराची वाट पाहत ताटकळतो, नकार लगेच कळवला तर तो तत्काळ जुन्या पद्धतीकडे वळतो. सर्व्हरशी होणारी जोडणीच आयपीव्ही ६ वर असेल, तर त्या एका पत्त्याला आधी सूट द्यावी लागते. बोगदा मध्येच कोसळला तरी हा नियम जागेवर राहतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र तो आयपीव्ही ४ ला हात लावत नाही, त्यामुळे बोगदा पडल्यावर जुनी वाहतूक उघडी पडू नये याची तजवीज वेगळी करावी लागते.

अँड्रॉइडवर, ५व्या आवृत्तीपासून, व्यवस्था उलट्या बाजूने झुकलेली आहे: व्हीपीएन ॲपने एखाद्या पत्तापद्धतीचा पत्ता, मार्ग वा नामसर्व्हर काहीच नोंदवले नाही, तर त्या पद्धतीची वाहतूक आपोआप अडवली जाते. ॲपला ती मुद्दाम मोकळी सोडता येते, म्हणून तिथेही पडताळणी सुटत नाही.

पडताळणीची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे प्रत्यक्ष वायफायचे दार. व्हीपीएन सुरू ठेवून `sudo tcpdump -ni wlan0 'ip6 and dst net 2000::/3'` ही आज्ञा द्यावी आणि दुसरीकडे काही संकेतस्थळे उघडावीत. ओळी उमटू लागल्या आणि त्या व्हीपीएन सर्व्हरशी होणाऱ्या देवाणघेवाणीच्या नसतील, तर गळती चालू आहे. आज्ञेतील गटाची अट काढली तर `fe80` ने सुरू होणारे पत्तेही दिसू लागतात, पण ती राउटर आणि शेजारच्या उपकरणांमधली घरगुती विचारपूस असते आणि ती राउटरपलीकडे जात नाही.