अर्ज पाठवण्याआधी लाल पेन

अण्णा हजारेंच्या पारनेर तालुक्यात माहिती अधिकार नवा नाही, पण कच्चे अर्ज अजून असेच येतात: ‘गावातील सर्व विकासकामांची संपूर्ण माहिती द्यावी. रस्ता निकृष्ट का झाला?’

पहिले वाक्य खोडावे. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारण 150 शब्दांत हवा. ‘सर्व’ आणि ‘संपूर्ण’ हे शब्द तर टोलवाटोलवीला आयते निमंत्रणच. ‘का’ विचारू नये; माहिती म्हणजे दप्तरी असलेली नोंद, कारणमीमांसा नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली सांगितले आहे. निकृष्टपणा कागदच बोलून दाखवतील.

सुधारून असे लिहावे: ‘अमुक वस्ती ते अमुक चौक या काँक्रीट रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या प्रती, आर्थिक वर्ष 2023-24.’ मोजमाप पुस्तिकेतली जाडी रस्त्यावर टेपने पडताळता येते.

आता पत्ता. काम ग्रामपंचायतीने केले असेल तर तिथलाच जन माहिती अधिकारी. जिल्हा परिषदेचे असेल तर तिचा बांधकाम विभाग. कामाच्या फलकावर यंत्रणेचे नाव असते, ते आधी पाहावे. पत्ता चुकला तरी कलम 6(3) नुसार अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करावा लागतो, मात्र तेवढा वेळ जातो.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. उत्तराचे 30 दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजले जातात.