व्याज हाती आले, मुद्दल झिजले

२००९-१० या वर्षात बँकेत पाच वर्षांची मुदत ठेव ठेवणाऱ्याला साधारण सात टक्के व्याज मिळत होते. ठेव सुरक्षित, व्याज ठरलेले, पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम छापलेली. दहा लाख ठेवले तर व्याज वर्षातून एकदा मुद्दलात मिळवत पाच वर्षांनी सुमारे १४ लाख २ हजार रुपये मिळणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते, आणि ते मिळालेही. तरीही या ठेवीदाराने त्या पाच वर्षांत पैसे गमावले. बँक बुडाली नाही, एक पैही कमी मिळाली नाही, आणि तोटा मात्र झाला. तो कसा झाला हे नीट पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी किमतींची नोंद हवी, आणि तशी एक अधिकृत नोंद आपल्याकडे आहे. केंद्र सरकारचे श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला काढते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावरून ठरतो. २००१ सालच्या किमती १०० धरल्या तर हा निर्देशांक २००९-१० मध्ये सरासरी १६३ होता. पुढच्या वर्षी तो १८० झाला. म्हणजे जे घरसामान आधी दहा लाखांत येत होते, त्यालाच वर्षभरात ११ लाख ४ हजार रुपये लागू लागले. ठेव तेवढ्याच काळात १० लाख ७० हजारांवर पोहोचली होती. सत्तर हजार वाढूनही चौतीस हजार कमी पडले.

पावतीवर दिसणारा सात टक्के हा नाममात्र परतावा. किमतींचा हिशेब घातल्यावर उरतो तो वास्तव परतावा. घाईत तो काढायचा तर व्याजदरातून महागाईचा दर वजा करतात. सातातून १०.४ गेले, उणे ३.४ उरले. अंदाजासाठी हे पुरते, पण अचूक उत्तर भागाकाराने येते, कारण महागाईची झळ मुद्दलाइतकीच वाढीव व्याजालाही लागते. १.०७ ला १.१०४ ने भागले की ०.९६९ येते. म्हणजे वर्षाअखेरीच्या १० लाख ७० हजारांची खरेदीची ताकद सुरुवातीच्या ९ लाख ६९ हजारांएवढीच होती. तोटा ३.१ टक्क्यांचा. महागाई कमी असताना दोन्ही रीतींत फारसा फरक पडत नाही. ती जास्त असली किंवा मुदत लांब असली की भागाकारच करावा.

एक वर्ष वाईट गेले असे म्हणून हे सोडून देता येत नाही. निर्देशांक पुढे १९५, मग २१५, मग २३६ आणि २०१४-१५ मध्ये २५१ झाला. पाच वर्षांत किमती ५४ टक्क्यांनी वाढल्या. दहा लाखांच्या सामानाला आता १५ लाख ४० हजार लागत होते आणि ठेवीदाराच्या हातात होते १४ लाख २ हजार. २००९-१० च्या रुपयांत सांगायचे तर त्याचे दहा लाख ९ लाख ११ हजारांवर आले. नुसते बरोबरीत राहायलासुद्धा त्याला पाचही वर्षे नऊ टक्के व्याज मिळायला हवे होते.

शिवाय आयकर आहेच. आयकर खाते महागाई वजा करून उरलेल्या व्याजावर कर लावत नाही, आलेल्या संपूर्ण व्याजावर लावते. त्या काळी वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह २०.६ टक्के कर बसे, म्हणजे सातातले साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिकच हाती राहत. तो कर त्याच ठेवीच्या व्याजातून भरला असे धरले तर पाच वर्षांनी उरतात सुमारे १३ लाख १० हजार, आणि त्यांची ताकद मूळच्या ८ लाख ५१ हजारांची. खऱ्या अर्थाने त्याला काहीच उत्पन्न झाले नव्हते. तरी त्याने उत्पन्नावरचा कर भरला.

पण हा ठेवीदार तसा सुखरूपच म्हणायचा, कारण त्याने व्याजाला हात लावला नाही. ज्यांना दरमहा किंवा दर तिमाहीला व्याज काढून घर चालवावे लागते त्यांचे नुकसान याहून मोठे असते, आणि ते दिसत नाही. खासगी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस घ्या. त्याला महागाई भत्ता नाही. कर्मचारी पेन्शन योजनेचे पेन्शनही महागाई भत्त्याशी जोडलेले नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे दहा लाख त्याने ठेवीत ठेवले आणि वर्षाला येणारे सत्तर हजार तो खर्च करत गेला. पाच वर्षांनी बँकेने त्याला दहा लाख जसेच्या तसे परत केले. मुद्दल शाबूत आहे, असे त्याला वाटणार. प्रत्यक्षात त्या दहा लाखांत पूर्वीचे साडेसहा लाखांचेच सामान येत होते, आणि सत्तर हजारांच्या व्याजात पूर्वीचे साडेपंचेचाळीस हजारांचे.

या माणसाने उधळपट्टी केली नाही. तो फक्त व्याज खात होता, मुद्दलाला धक्का लावत नव्हता, आणि घरात आपण हेच शिकत आलो आहोत. पण महागाई असते तेव्हा येणारे सगळे व्याज ही कमाई नसते. त्यातला महागाईएवढा भाग म्हणजे झिजलेल्या मुद्दलाची भरपाई. ती खर्च केली की मुद्दलच खर्च होते. पावतीवरचा आकडा तोच राहतो, म्हणून ते कळत नाही.

मग बँका इतके कमी व्याज का देत होत्या? किमती का चढल्या हे समजते. २००९ चा पावसाळा सरासरीपेक्षा २२ टक्के कमी झाला, अन्नधान्य आणि डाळी कडाडल्या. जानेवारी २०१० मध्ये कामगारांच्या निर्देशांकाने सोळा टक्क्यांची वाढ दाखवली. पण रिझर्व्ह बँक तेव्हा मुख्यतः घाऊक किंमत निर्देशांकाकडे पाहत असे. त्यात कारखानी मालाचे वजन मोठे, आणि घरभाडे, दवाखाना, शाळेची फी अशा सेवांना स्थान नाही. २००९ च्या मध्यावर घाऊक महागाई तर शून्याच्याही खाली गेली होती. जगभर मंदी होती, पतपुरवठा सैल ठेवणे भाग होते. म्हणून रेपो दर एप्रिल २००९ पासून जवळपास वर्षभर ४.७५ टक्के राहिला आणि ठेवींचे दरही त्याच्यासोबत खाली आले. धोरण एका निर्देशांकावर बेतलेले आणि घरखर्च दुसऱ्यावर, या फटीत ठेवीदार सापडला. पुढे दर नऊ टक्क्यांच्या आसपास गेले, पण ज्यांनी पाच वर्षांसाठी आधीच पैसे गुंतवले होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

लोकांना हे गणित मांडता आले नसेल, पण जाणवले मात्र. त्या वर्षांत पैसा सोन्याकडे वळला, आणि सोन्याच्या आयातीमुळे देशाची परकीय व्यवहारातली तूट फुगली. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने महागाईशी जोडलेले बचत रोखे आणले. त्यांवर ग्राहक महागाईच्या वर दीड टक्का मिळणार होता. कल्पना नेमकी याच दुखण्यावरची होती, परंतु दहा वर्षांची मुदत होती आणि भरपाईच्या भागावरही कर होता. प्रतिसाद थंडच मिळाला. जानेवारी २०१४ मध्ये ऊर्जित पटेल समितीने घाऊक निर्देशांक सोडून ग्राहक किमतींना धोरणाचा आधार करावा असे सुचवले. २०१६ मध्ये कायदा बदलून ग्राहक महागाई चार टक्के, दोन टक्के वर-खाली, हे उद्दिष्ट ठरले.

महागाई उतरली तसे ठेवींचे दरही उतरले आणि पेन्शनरांच्या तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत चिंतामणराव देशमुख स्मृती व्याख्यान देताना रघुराम राजन यांनी या तक्रारीला डोशाच्या किमतीवरून उत्तर दिले. एक लाख रुपये आहेत आणि डोसा पन्नास रुपयांना आहे, म्हणजे दोन हजार डोसे. व्याज दहा टक्के आणि महागाईही दहा टक्के असेल तर वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज मिळून पुन्हा दोन हजारच डोसे. व्याज आठ टक्के आणि महागाई साडेपाच टक्के असेल तर सुमारे २,०४८ डोसे. व्याज कमी, पण माणूस श्रीमंत. तक्रार का होते, तर दुसऱ्या वेळी व्याजाच्या पैशात येणारे डोसे १८२ वरून १५२ वर येतात. ते दर महिन्याला दिसते. मुद्दलाची झीज थांबली हे कुठेच दिसत नाही.

या हिशेबाला मर्यादाही आहेत. वास्तव परतावा आधी कळत नाही. व्याजदर करारात लिहिलेला असतो, महागाई मुदत संपल्यावरच समजते. म्हणूनच महागाई चढत असताना लांब मुदतीत सगळे पैसे अडकवणे धोक्याचे, आणि ती चढून उतरणीला लागली असेल तर तीच लांब मुदत फायद्याची. दुसरे म्हणजे निर्देशांक सरासरी घराचा असतो. औषधपाण्यावर आणि दवाखान्यावर ज्यांचा खर्च जास्त, त्यांची महागाई वेगळी. आपली महागाई काढायची तर किराणा, दूध, गॅस, वीज, औषधे, विम्याचा हप्ता यांचा तीन वर्षांपूर्वीचा आणि आजचा खर्च समोरासमोर मांडावा. माल तेवढाच घेतला असेल तरच तुलना खरी.

आणि व्याजावर राहणाऱ्यांनी वर्षाच्या सुरुवातीला एक वाटणी करावी. दहा लाखांवर सत्तर हजार व्याज आहे आणि महागाई चार टक्के आहे, तर त्यातले चाळीस हजार मुद्दलाचे. ते ठेवीत परत जायला हवेत. खर्चायला उरतात तीस हजार, आणि पूर्ण सत्तर हजारांवरचा कर त्यातूनच जायचा आहे. महागाई सात टक्क्यांवर गेली त्या वर्षी खर्चायला काहीच उरत नाही. इतक्या काटेकोरपणे वागणे अनेकांना परवडणार नाही, व्याज काढल्याशिवाय त्यांचे घर चालत नाही. तरीही आकडा मांडून ठेवावा. आपण या वर्षी व्याज किती खाल्ले आणि मुद्दल किती, हे माहीत असेल तर पैसे किती वर्षे पुरतील याचा अंदाज वेळेवर येतो, आणि उपाय करायला हातात काही शिल्लक असते.