पीसीसी आणि बांधावरची केस

पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवर, म्हणजे सगळे ज्याला पीसीसी म्हणतात त्या कागदावर, मजकूर जेमतेम एका वाक्याचा असतो. अमुक नावाच्या, अमुक क्रमांकाचा पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला तमुक देशाचा व्हिसा किंवा प्रवासाची सवलत नाकारावी, अशी कोणतीही प्रतिकूल माहिती नोंदीत नाही, असा त्याचा आशय. हा चांगल्या वर्तणुकीचा दाखला नाही. नोंदीत प्रतिकूल माहिती नाही एवढंच तो सांगतो. त्यात देशाचं नाव असतं, म्हणून कुवेतसाठी काढलेली पीसीसी जर्मनीच्या वकिलातीत चालत नाही. तिच्यावर मुदत छापलेली नसली तरी बहुतेक देश ती सहा महिन्यांहून जुनी झाली की नवी मागतात.

देशातल्या नोकरीसाठी जो कागद लागतो तो वेगळा. तो पासपोर्ट कार्यालय नव्हे, पोलीसच देतात. महाराष्ट्रात त्याला चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र म्हणतात आणि त्यासाठी pcs.mahaonline.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. कंपनीचं पत्र, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो असं जोडलं की अर्ज आपल्या पोलीस ठाण्याकडे आणि विशेष शाखेकडे जातो. ते आपापल्या नोंदी पाहून अहवाल देतात. हे दोन कागद अनेकजण एकच समजतात आणि परदेशी कंपनीला पोलीस आयुक्तालयाचं प्रमाणपत्र पाठवून मोकळे होतात. मग वकिलात ते परत पाठवते आणि महिना फुकट जातो.

परदेशात नोकरी, दीर्घ मुदतीचं वास्तव्य किंवा स्थलांतर यांसाठी लागणाऱ्या पीसीसीचा अर्ज passportindia.gov.in वर भरतात. शुल्क पाचशे रुपये. पर्यटनाच्या व्हिसासाठी ती मिळत नाही. अर्ज भरून पैसे भरले की पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्यायची. सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयांतल्या सेवा केंद्रांतही ही सोय झाली, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांचे पुण्या-मुंबईचे हेलपाटे वाचले. पासपोर्ट काढताना पोलीस पडताळणी व्यवस्थित झालेली असेल आणि पत्ता तोच असेल, तर काहींना पीसीसी त्याच दिवशी हातात पडते. पासपोर्टवरचा पत्ता गावाचा आणि राहणं पुण्यात असेल, तर मात्र काउंटरवर प्रश्न येणारच. पडताळणीला हवालदार घरी आला आणि आजोबांनी भोळेपणाने सांगितलं, ‘पोरगा इथं राहत न्हाई’, तर अहवाल अपूर्ण म्हणून परत जातो. त्यात कोणाचा दोष नसतो, पण अर्ज लटकतो.

खरी अडचण येते ती नावावर गुन्हा दाखल असला की. आपल्याकडे असा गुन्हा बहुतेक वेळा कशाचा असतो, हे गावाकडच्या कोणालाही विचारा. सांगली जिल्ह्यातल्या एका कल्पित तरुणाचं उदाहरण घेऊ. त्याला सागर म्हणू. डिप्लोमा झालेला, चाकणच्या कारखान्यात तीन वर्षं काढलेला. आता त्याला आखातात देखभाल तंत्रज्ञाची नोकरी लागली आहे. 2022 मध्ये चुलत्यांशी बांधावरून मारामारी झाली होती, त्यात काठ्या निघाल्या. फिर्याद देताना समोरच्यांनी घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घातली, त्यात दिवाळीला घरी आलेला सागरही आला. गुन्हा भारतीय दंड विधानाच्या कलम 324, 323, 504, 506 आणि 34 खाली नोंदला गेला. जुलै 2024 पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असली, तरी आधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला जुन्याच कलमांखाली चालतो.

सागरने पहिल्यांदा शोधायचं ते हे की प्रकरण नेमकं कुठवर आलं आहे. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जातो तेव्हा त्याला गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. तपास संपवून पोलिसांनी न्यायालयात दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट दाखल केली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिची दखल घेतली, की त्याला न्यायालयाचा क्रमांक मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तो बहुधा आर.सी.सी. या अक्षरांनी सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, गुन्ह्याचा क्रमांक आणि वर्ष घालून हे पाहता येतं. पासपोर्टच्या बाबतीत या दोन टप्प्यांत फार अंतर आहे. 1967च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6(2)(एफ) मध्ये पासपोर्ट नाकारण्याचं कारण आहे ते फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असणं, नुसता गुन्हा नोंदलेला असणं नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2019च्या कार्यालयीन सूचनेत हेच स्पष्ट केलं आहे. तपास चालू असेल, चार्जशीट गेलेली नसेल, तर ते या कलमात बसत नाही. न्यायालयाने दखल घेतल्यावरच प्रकरण ‘प्रलंबित’ ठरतं.

पण पोलिसांचा अहवाल लिहिणाऱ्यापर्यंत हा फरक पोहोचलेला असतोच असं नाही. ‘गुन्हा दाखल आहे’ एवढी ओळ लिहून अहवाल प्रतिकूल म्हणून पाठवला जातो आणि पासपोर्ट कार्यालयाकडून खुलासा मागणारी नोटीस येते. चार्जशीट झालेली नसेल तर त्या नोटिशीला उत्तर देण्यात खरं बळ असतं. सूचनेचा दाखला द्यायचा, तपास चालू असल्याचं दाखवायचं. पुष्कळजण नोटीस बघून घाबरतात आणि गप्प बसतात. तसं केलं की अर्ज बंद होतो आणि पाचशे रुपये जातात. ‘पोलिसांकडून क्लिअर करून देतो’ म्हणणारे दलाल याच क्षणाची वाट बघत असतात.

अर्ज भरतानाही हाच फरक लक्षात ठेवावा लागतो. पासपोर्टच्या अर्जातला प्रश्न न्यायालयात खटला प्रलंबित आहे का, असा असतो. चार्जशीटच्या आधी त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असतं, नंतर ‘हो’. चार्जशीट झालेली असताना ‘नाही’ लिहिणं महागात पडतं, कारण खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं याला पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बांधाच्या भांडणात अशी शिक्षा झाली असती की नाही कोणास ठाऊक, पण त्या एका खोट्या उत्तराने नवी भानगड मात्र नक्की उभी राहते.

सागरच्या बाबतीत चार्जशीट झालेली आहे, तारखा पडत आहेत. मग दारं दोन उरतात. पहिलं म्हणजे ज्या न्यायालयात खटला आहे त्याच न्यायालयाकडे परदेशी जाण्याची परवानगी मागणं. 25 ऑगस्ट 1993च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार, न्यायालयाने परदेशी जायला परवानगी देणारा आदेश दिला तर प्रलंबित खटल्यातही पासपोर्ट देता येतो. आदेशात मुदत लिहिली असेल तितक्या काळासाठी, मुदत लिहिली नसेल तर एक वर्षासाठी. म्हणून वकिलाने अर्जात मोघम परवानगी मागू नये. देश कोणता, नोकरी कोणती, किती काळ, हे नियुक्तीपत्रासह मांडावं आणि आदेशातही तसंच लिहून घ्यावं. न्यायालय जामीनदार मागतं, हजेरीला वकील उभा राहील अशी सूट द्यायची की नाही ते ठरवतं, गरज पडेल तेव्हा परत येण्याची हमी घेतं. जामिनाच्या अटीत पासपोर्ट जमा करायचा असेल, तर तो परत मिळण्याचीही विनंती याच अर्जात करायची.

हा आदेश नोटिशीच्या उत्तराला जोडला की पासपोर्ट कार्यालयाला निर्णय घ्यायला आधार मिळतो. तरी पीसीसी मिळेलच अशी खात्री नाही, कारण प्रतिकूल माहिती नाही असं तो कागद सांगतो आणि इथे माहिती आहे. त्यातच आखातातल्या नोकरीला महिने नसतात, आठवडे असतात. कंपनीला वेळ वाढवून मागावा लागतो आणि तो कंपनी देईलच असं नाही.

दुसरं दार खटलाच संपवण्याचं. चुलत्यांशी समेट झाला, तर कलम 323, 504 आणि 506 तडजोडयोग्य आहेत, पण काठीमुळे लागलेलं 324 तसं नाही. ते तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतून वगळलं आहे. त्यामुळे तालुक्याच्या कोर्टात ‘आमचं मिटलं’ एवढं सांगून भागत नाही. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज करावा लागतो. समेटानंतर किरकोळ स्वरूपाचे गुन्हे रद्द करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012च्या ग्यान सिंग प्रकरणात मान्य केलं आहे. सांगलीकरांना यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून हे काम एस.टी.ने सकाळी जाऊन रात्री परत येण्याइतकं जवळ आलं.

गुन्हा रद्द झाला किंवा निर्दोष सुटका झाली तरी पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमधली नोंद आपोआप पुसली जात नाही. वर्षभराने पडताळणीला आलेला नवा हवालदार जुन्याच नोंदीवरून ‘गुन्हा दाखल’ लिहून मोकळा होतो. म्हणून निकालाची प्रमाणित नक्कल पोलीस ठाण्यात द्यायची, पोच घ्यायची आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. पोलिसांनी तपासाअंती समरी पाठवली असेल, तर तिचाही कागद हवा. आपल्याकडे तिचे प्रकार ए, बी, सी या अक्षरांनी ओळखतात: ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे फिर्याद खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली. समरी न्यायालयाने मंजूर केल्याचा आदेश हाती नसेल, तर ठाण्याच्या लेखी प्रकरण संपलेलं नसतं.

सागर परदेशाऐवजी सरकारी भरतीत निवडला गेला असता, तर त्याच्यासमोर साक्षांकन नमुना आला असता. त्यात अटक झाली होती का, खटला चालला का, चालू आहे का, असं सगळं विचारतात. इथला सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल 2016चा अवतार सिंग प्रकरणातला आहे. तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नियुक्ती करणारा काणाडोळा करू शकतो, पण खरी माहिती दिली तरी नियुक्ती देण्याचं बंधन त्याच्यावर नाही, असं त्यात म्हटलं आहे. लपवलेलं नंतर सापडलं, तर नोकरी जाण्याचा धोका मात्र कायम राहतो.

परदेशी सरकारांचे अर्ज तर याहून खोल जातात. कॅनडाच्या अर्जात अटक झाली होती का, आरोप ठेवला गेला होता का, असंही विचारतात आणि चुकीची माहिती दिली तर पाच वर्षं प्रवेश बंद होतो. म्हणजे कोल्हापूरच्या बेंचने गुन्हा रद्द केल्यावर सागरची पीसीसी कोरी निघाली, तरी कॅनडाच्या अर्जात त्या प्रश्नापुढे त्याला ‘हो’ लिहून, गुन्हा रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत आणि इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल.