आजारपणाचा लाभ (कर्मचारी राज्य विमा योजना)

आजारपणाचा लाभ हा भारतातील कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमाधारक कामगाराला मिळणारा रोख लाभ होय. आजारामुळे कामावर जाणे अशक्य झाल्यास बुडालेल्या वेतनाचा काही भाग या लाभाद्वारे भरून दिला जातो. उपचारांचा खर्च भागविणारा वैद्यकीय लाभ हा याहून वेगळा आहे. वैद्यकीय लाभ कामगारास व त्याच्या कुटुंबास नोकरीच्या प्रारंभापासून मिळू लागतो. रोख लाभाचा हक्क मात्र कामगाराने पूर्वीच्या सहामाहीत भरलेल्या अंशदानावर अवलंबून असतो. या योजनेविषयीचे बरेचसे गैरसमज हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे उद्भवतात.

योजनेच्या नावातील 'राज्य' हा शब्द शासनसंस्था या अर्थाने आला आहे. ही राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांची योजना नसून मुख्यतः खाजगी कारखाने व आस्थापनांतील कामगारांची योजना आहे.

## पार्श्वभूमी

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले होते. त्यांनी १९४४ साली अहवाल सादर केला. त्यातूनच पुढे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ हा कायदा आकारास आला. योजनेची प्रत्यक्ष अंमलबजावणी २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यावर १९४८ च्या कायद्याची जागा या संहितेतील तरतुदींनी घेतली. योजनेचा कारभार कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे आहे.

## नोंदणी कोणाची करावी लागते

नोंदणीच्या सक्तीला दोन कसोट्या आहेत. पहिली आस्थापनेला लागू होते व दुसरी व्यक्तीला.

ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे कामास आहेत, ती योजनेच्या कक्षेत येते. केवळ हंगामी स्वरूपाचे कारखाने यातून वगळलेले आहेत. पूर्वी काही राज्यांत दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या आस्थापनांसाठी ही संख्या वीस होती. केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कर्मचारी असला तरी योजना लागू होऊ शकते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेस मालक व बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने सहभागी होता येते.

दहाची मोजणी करताना वेतनमर्यादेपेक्षा अधिक पगार घेणारी माणसेही मोजली जातात. एखाद्या छापखान्यात एकूण अकरा माणसे असून त्यांपैकी चौघांचा पगार मर्यादेच्या वर असेल, तर छापखान्यास योजना लागू होते. मात्र विम्याची नोंदणी उरलेल्या सात जणांचीच करावी लागते. 'आमच्याकडे विम्यास पात्र असे सातच कामगार आहेत' हे कारण पुढे करून छापखान्याच्या मालकाला योजनेबाहेर राहता येत नाही.

दुसरी कसोटी व्यक्तीच्या वेतनाची आहे. वेतन मर्यादेच्या आत असेल, तर कामगार कायम आहे की तात्पुरता, मालकाने स्वतः नेमलेला आहे की कंत्राटदारामार्फत आलेला, याने फरक पडत नाही. कंत्राटदाराने आपल्या माणसांचे अंशदान भरले नाही, तर ती जबाबदारी मुख्य मालकावर येते. नोंदणी झालेल्या कामगारास दहा अंकी विमा क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक पुढे चालवायचा असतो. नव्या ठिकाणी दुसरा क्रमांक काढला गेल्यास आधीच्या अंशदानाची नोंद जुन्या क्रमांकावरच राहते आणि लाभ मागताना अडचण येते.

## वेतनमर्यादा

कायदा झाला तेव्हा वेतनमर्यादा दरमहा ४०० रुपये होती. ती वेळोवेळी वाढविण्यात आली. २०१० साली ती १५,००० रुपये झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे.

नव्या संहितेनुसार मूळ वेतन व महागाई भत्ता हे वेतनाचे मुख्य घटक होत. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, अतिकालिक कामाचा मोबदला, बोनस यांसारख्या रकमा वेतनात धरल्या जात नाहीत. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात मिळवावी लागते. एखाद्याला एकूण २६,००० रुपये मिळत असून त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ९,००० रुपये व उरलेले १७,००० रुपये निरनिराळ्या भत्त्यांचे असतील, तर निम्मी रक्कम १३,००० रुपये ठरते. भत्ते तिच्यापेक्षा ४,००० रुपयांनी जास्त आहेत. ही वाढीव रक्कम ९,००० मध्ये मिळविल्यास वेतन १३,००० रुपये होते. म्हणजेच हातात येणारा आकडा २१,००० च्या वर दिसत असूनही ही व्यक्ती मर्यादेच्या आत आहे.

१ जुलै २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के अंशदान कामगार देतो व ३.२५ टक्के मालक देतो. ज्याचे सरासरी दैनिक वेतन १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याला स्वतःचा वाटा द्यावा लागत नाही; मालकाचा वाटा तेव्हाही द्यावाच लागतो. मालकाला आपला वाटा कामगाराच्या पगारातून कापून घेता येत नाही.

## अंशदान कालावधी व लाभ कालावधी

योजनेचे वर्ष दोन सहामाहींत विभागलेले असते. त्यांना अंशदान कालावधी म्हणतात. प्रत्येक अंशदान कालावधी संपल्यावर तीन महिन्यांनी त्याच्याशी जोडलेला लाभ कालावधी सुरू होतो.

* १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळातील अंशदानावर पुढील वर्षाच्या १ जानेवारी ते ३० जून या काळातील हक्क ठरतो.
* १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातील अंशदानावर त्यानंतरच्या १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळातील हक्क ठरतो.

पगारवाढीचा प्रश्नही याच विभागणीने सुटतो. एखाद्याचे वेतन जुलैमध्ये २१,००० च्या वर गेले, तरी तो लगेच योजनेबाहेर पडत नाही. ३० सप्टेंबरपर्यंत त्याचे अंशदान चालू राहते व ते वाढलेल्या पूर्ण वेतनावर आकारले जाते. या सहामाहीतील अंशदानामुळे पुढील जानेवारी ते जून या काळातील लाभाचा हक्कही त्यास राहतो. पगार वाढलेल्या महिन्यापासूनच कपात थांबविणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. तिच्यामुळे अंशदानाचे दिवस कमी भरतात.

नव्याने कामास लागलेल्या व्यक्तीचा पहिला लाभ कालावधी नोकरीस लागल्यापासून नऊ महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतो. २० जुलैला प्रथमच विमायोग्य नोकरीस लागलेल्या कामगाराला आजारपणाचा रोख लाभ पुढील वर्षीच्या २० एप्रिलपासून मिळू शकतो. तोपर्यंत तो आजारी पडल्यास उपचार मिळतात, परंतु बुडालेल्या वेतनाची भरपाई होत नाही.

## पात्रता, दर व मुदत

आजारपणाच्या लाभासाठी संबंधित अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान असावे लागते. नव्या कामगाराचा पहिला अंशदान कालावधी अपुरा असल्याने त्याच्यासाठी उपलब्ध दिवसांच्या निम्म्या दिवसांची अट आहे. लाभाचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असतो. लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवसांचा लाभ मिळतो.

आजाराच्या पहिल्या दोन दिवसांसाठी रक्कम दिली जात नाही. हे प्रतीक्षेचे दिवस होत. मात्र आधी लाभ मिळालेले आजारपण संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारपण आल्यास ही प्रतीक्षा लागू होत नाही.

आजाराचा दाखला योजनेच्या दवाखान्यातील किंवा रुग्णालयातील विमा वैद्यकीय अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. त्यामुळे खाजगी डॉक्टरकडे उपचार घेऊन बरे झाल्यावर दवाखान्यात जाणाऱ्या कामगाराचा दावा सहसा अडतो. लाभ घेत असताना कामगाराने दवाखान्याच्या उपचाराखाली राहिले पाहिजे आणि परवानगीशिवाय ते क्षेत्र सोडता कामा नये. ज्या दिवसाचे वेतन किंवा पगारी रजा मिळाली, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. लाभ चालू असलेल्या काळात मालकाला कामगारास आजारपणाच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही.

## उदाहरण

एका यंत्रचालकाचे योजनेसाठी धरावयाचे वेतन दरमहा १८,३०० रुपये आहे, असे समजू. त्याच्या वाट्याचे अंशदान १३७.२५ रुपये येते. ते पुढच्या पूर्ण रुपयापर्यंत नेल्यास १३८ रुपये होते. मालकाचा वाटा ५९५ रुपये होतो.

एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांतील १८३ दिवसांचे त्याचे एकूण वेतन १,०९,८०० रुपये आहे. यावरून सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये ठरते व त्याच्या ७० टक्के म्हणजे ४२० रुपये हा रोजचा लाभ होय. तो पुढील वर्षी १० फेब्रुवारी ते १ मार्च असा २० दिवस आजारी राहिला (फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला आहे). पहिले दोन दिवस वगळून १८ दिवसांचे ७,५६० रुपये त्यास मिळतील. २ मार्चला तो कामावर रुजू झाला आणि ११ मार्चपासून पुन्हा सहा दिवस आजारी पडला. मधले अंतर पंधरा दिवसांहून कमी असल्याने या वेळी सहाही दिवसांचे मिळून २,५२० रुपये मिळतील. एकूण लाभ १०,०८० रुपये झाला व ९१ पैकी ६७ दिवस शिल्लक राहिले.

आता त्याच कामगाराच्या मालकाने सहामाहीत केवळ ७० दिवसांची नोंद केली असती, तर दर तोच राहूनही लाभाचा हक्क निर्माण झाला नसता. म्हणून वेतनचिठ्ठीवरील कपात पाहणे पुरेसे नाही. महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या विमा क्रमांकापुढे दर महिन्यास किती दिवस व किती वेतन नोंदले गेले आहे, हे सहामाही संपण्यापूर्वी पाहून घेणे आवश्यक ठरते. मालकाने चलन भरण्याची मुदत पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते. तिच्यानंतरही नोंद दिसली नाही, तर वेतनचिठ्ठी व हजेरीचा पुरावा घेऊन महामंडळाच्या शाखा कार्यालयात तक्रार करता येते. मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडाल्यास तो देऊन रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार महामंडळास आहे.

## दीर्घ आजार

क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घकालीन आजारांत ९१ दिवस पुरेसे ठरत नाहीत. अशा वेळी विस्तारित लाभ मिळतो. त्याचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या ८० टक्के असून मुदत कमाल दोन वर्षांपर्यंत वाढविता येते. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग विमायोग्य नोकरी व आधीच्या चार अंशदान कालावधींत मिळून १५६ दिवसांचे अंशदान लागते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण वेतनाइतका वर्धित लाभ आहे. तो पुरुषांना सात दिवस व स्त्रियांना चौदा दिवस मिळतो आणि गुंतागुंत झाल्यास ही मुदत वाढविली जाते.